‘हे समजावून सांग’: एका पेपरमधले दोन बासष्ट

मागच्या महिन्यात भुसावळ स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो, तेव्हा मामीचा मेसेज आला. एक पीडीएफ आणि खाली एकच ओळ: ‘भाऊ, हे जरा समजावून सांग.’ मामी तालुक्यातल्या एका गावात आशा आहे. पीडीएफ म्हणजे ‘लॅन्सेट’मधला १९९९ चा पेपर. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीत घरोघरी केलेल्या नवजात बाळांच्या देखभालीवरचा.

तुम्ही काय कराल? मी केलं ते करू नका. मी ॲबस्ट्रॅक्टचं मराठी भाषांतर करून पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘म्हणजे शंभरातली बासष्ट वाचली का रे?’

चूक मामीची नव्हती. ॲबस्ट्रॅक्ट पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यात बासष्ट दोनदा येतो. एकदा सुरुवातीचा नवजात मृत्यूदर म्हणून, म्हणजे १९९३ ते ९५ या काळात जन्मलेल्या दर हजार बाळांत २८ दिवसांच्या आत दगावणारी ६२. आणि एकदा घट म्हणून, कंसात, ६२.२ टक्के. एक आकडा हजारावर, दुसरा शंभरावर, आणि दोन्ही थोड्याशा अंतराने. डॉक्टरला हे खटकणार नाही, कारण त्याच्या डोक्यात ‘दर हजारी’ बसलेलं असतं. बाहेरच्या माणसासाठी मात्र हा सापळाच आहे.

त्यातही ‘नेट’ हा शब्द सगळ्यात फसवा. आकडेमोड करून बघू. देखभाल मिळालेल्या ३९ गावांत दर ६२.० वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. ३६.५ ची घट भागिले ६२, म्हणजे साधारण ५८.९ टक्के. तुलनेच्या ४७ गावांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला, म्हणजे ३.३ टक्के वाढला. दोन्हींतला फरक ६२.२. म्हणजे त्या गावांतली प्रत्यक्ष घट एकोणसाठ टक्क्यांच्या आसपास आहे, उरलेले तीन टक्के शेजारची गावं किंचित बिघडली म्हणून आलेत. यात खोटं काही नाही, तुलनेचा गट ठेवायचा तो यासाठीच. पण ‘मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले’ एवढंच सांगितलं की ऐकणारा वेगळंच चित्र रंगवतो.

आता मामीला काय सांगायचं? ‘तुला नक्की काय हवंय?’ असं उलट विचारून उपयोग नसतो. समोरच्याला ते माहीत असतं तर त्याने तेच लिहिलं असतं. त्यापेक्षा पाठवणारा कोण, हे बघून अंदाज करा, आणि तो अंदाज उत्तरात उघड लिहा, म्हणजे चुकला तर ती सांगेल. मी दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

‘मामी, तू घरभेटी देतेस म्हणून विचारतेयस असं धरतो. ज्या गावांत शिकवलेल्या बायकांनी घरी जाऊन बाळ बघितलं, तिथे हजार बाळांमागे साधारण पंचवीस दगावली. बाजूच्या गावांत साठ. म्हणजे हजारामागे चौतीस जास्त वाचली. गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती, तेवढी शंका ठेव. आणि एक, त्या बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शनही देत होत्या. त्यासाठी त्यांना शिकवलं होतं, वर देखरेख होती. हा कागद बघून तू तसं करायचं नाही, तुझ्या ट्रेनिंगमध्ये असेल तेवढंच.’

शेवटची दोन वाक्यं पेपरच्या ‘निष्कर्षा’त तुम्हाला अशी सापडणार नाहीत. पण वाचणारी आशा असेल तर तीच सगळ्यात महत्त्वाची. सेप्सिस झालेल्या बाळांमधला मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आला, हे वाचून कुणालाही वाटेल की इंजेक्शन हेच औषध. आधीची १६३ बाळं आणि नंतरची ७१, एवढ्यावर तो फरक उभा आहे. शिवाय नंतरच्या काळात इंजेक्शनसोबत बाकीची देखभालही चालूच होती, त्यामुळे एकट्या इंजेक्शनचा वाटा एवढ्यावरून वेगळा काढता येत नाही.

पेपरमध्ये मामीच्या कामाचा आणखी एक आकडा होता आणि तो मी पहिल्यांदा गाळला होता: १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांच्या देखभालीमागे एक मृत्यू टळला. यात पोटात दगावणारी बाळंही धरली आहेत, हे सोबत सांगावं लागतं. तरी टक्क्यांपेक्षा हा बरा, कारण अठरा बाळं तिच्या डोळ्यांसमोर येतात.

हे कळल्यावर ती म्हणाली, ‘पण भाऊ, आमच्याकडे एवढी पोरं आता कुठं मरतात? दवाखान्यातच होतात ना.’

बघा, पेपर न वाचता तिने त्याची खरी मर्यादा पकडली. सुरुवातीचा दर साठच्या घरात असताना अठरामागे एक वाचतं. दर कमी असेल, बाळंतपणं दवाखान्यात होत असतील, तर तोच फायदा मिळवायला कितीतरी जास्त घरभेटी लागतील. मी तिला तसं कळवलं. मग तिने विचारलं, किती जास्त? त्यासाठी आता तिच्या गावचा आकडा लागणार आहे. ती तिच्या नोंदवहीतून मोजून पाठवते म्हणाली आहे.