पन्नास लाखांत एक, पण कोणत्या पन्नास लाखांत?

माझी एक मैत्रीण एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. एका दुपारी तिच्या फोनवर डायरेक्टरांचा मेल आला : टेबलावर आहेस का, मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही, मेलवरच उत्तर दे. तिनं "हो सर" असं कळवलं. पुढच्या मेलमध्ये क्लायंटना देण्यासाठी गिफ्ट व्हाउचर घ्यायला सांगितलं होतं. तिनं स्वतःच्या कार्डावरून चाळीस हजारांची व्हाउचर घेतली आणि त्यांचे कोड पाठवून दिले. डायरेक्टर तेव्हा शेजारच्याच केबिनमध्ये होते.

नंतर तिनं मला विचारलं, "तू यातच पीएचडी करतोयस ना? मग हे कॉम्प्युटरला का कळलं नाही?"

तिला उत्तर देताना मला एक पेपर पुन्हा वाचावा लागला. आज त्याच पेपरबद्दल लिहितोय, कारण या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचायला सांगतात आणि बहुतेक जण त्यातला एकच आकडा लक्षात ठेवतात.

आधी तिच्या मेलचा मथळा बघा. नाव आणि पत्ता मी बदललेत.

```
From: "Shrikant Joshi" <desk.office7731@mail.example>
To: accounts@company.example
Subject: Quick task
```

अवतरणचिन्हांत आहे ते डिस्प्ले नेम. कोणीही तिथे काहीही लिहू शकतो. खरा पत्ता कोनी कंसात आहे, पण फोनवरची बरीच मेल ॲप्स फक्त नाव दाखवतात आणि पत्ता बघायचा तर नावावर टॅप करावं लागतं. "एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असताना हा मेल आत आलाच कसा?" असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. या तिन्ही तपासण्या डोमेनच्या आहेत. `mail.example` वरून आलेला मेल खरोखर `mail.example` नंच पाठवलाय का, एवढंच त्या बघतात. हल्लेखोरानं त्या सेवेवर रीतसर खातं उघडलेलं असलं की उत्तर "हो" येतं, आणि ते खरंच असतं. डीमार्कच्या २०१५ च्या दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ७४८९ मध्ये, डिस्प्ले नेमचे हल्ले आपल्या कक्षेबाहेर आहेत असं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे "डीमार्क लावा, म्हणजे सुटलात" असं कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलंत तर हात वर करा.

आता पेपर. असफ सिडन आणि सहकाऱ्यांनी बॅराकुडा कंपनीतल्या बीईसी-गार्ड या प्रणालीबद्दल २०१९ च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत तो मांडला. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात प्रामाणिक अभियांत्रिकी पेपरांपैकी एक आहे. ही प्रयोगशाळेतली खेळणी नव्हे, जुलै २०१७ पासून ग्राहकांच्या मेलवर चालणारी प्रणाली आहे. तिची मूळ कल्पना साधी आहे. मेल दोन टप्प्यांत तपासायचा. पहिला टप्पा मथळा बघतो : हे नाव आपल्या कर्मचाऱ्याचं आहे का, आणि या नावासोबत हा पत्ता पूर्वी किती वेळा दिसलाय? मेल सेवेच्या एपीआयमधून जुना पत्रव्यवहार मिळतो, त्यामुळे हे मोजता येतं. पहिल्या टप्प्यात संशय आला तरच दुसरा टप्पा मजकूर वाचतो आणि त्यात पैशांची मागणी, घाई किंवा संशयास्पद लिंक आहे का ते बघतो.

असे दोन भाग करायचं कारणही पटण्यासारखं आहे. तोतयेगिरीचे मेल इतके विरळ असतात की सरसकट मेल उचलून लेबल लावायला बसलात तर लाखो मेल वाचूनही हातात जेमतेम काही लागेल. मथळ्यावरून आधी चाळलं, तर वाचायचा ढीग आटोक्यात येतो.

माझी पहिली तक्रार याच चाळणीबद्दल आहे. पहिल्या टप्प्यात जे सुटलं ते दुसऱ्याकडे पोचतच नाही. मजकूर कितीही उघड असो, नाव जुळलं नाही तर तो कोणी वाचणार नाही. आणि नाव जुळवणं दिसतं तितकं सोपं नाही, आपल्याकडच्या नावांत तर मुळीच नाही. `Shrikant` हे नाव `Srikant` किंवा `Shreekant` असंही लिहितात. "मग एका अक्षराचा फरक चालवून घेऊ," असं म्हटलं तर `Srikant` सापडतो, पण `Shreekant` दोन बदलांवर आहे, तो सुटतो. उलट `Joshi` आणि `Doshi` यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे, आणि दोशी हे वेगळंच आडनाव आहे! मर्यादा दोनवर नेली तर श्रीकांत पकडाल, पण त्याबरोबर निम्मं भोसरी एमआयडीसी पकडाल.

नाव देवनागरीत आलं तर? मथळ्यात देवनागरी सरळ न जाता बऱ्याचदा सांकेतिक रूपात जाते. हे स्वतः चालवून बघा :

```python
from email.header import decode_header, make_header
s = '=?UTF-8?B?4KSc4KWL4KS24KWA?='
print(make_header(decode_header(s)))
```

उत्तर येतं "जोशी". कच्च्या मथळ्यात `Joshi` शोधणाऱ्या नियमाला यात काहीच दिसत नाही. आणि उलगडल्यावरही "जोशी" म्हणजेच `Joshi` हे त्याला वेगळं शिकवावं लागतं. मैत्रिणीला हा मेल देवनागरीत आला असता तरी तिनं तितक्याच विश्वासानं उत्तर दिलं असतं. कदाचित जास्तच.

दुसरी तक्रार त्या प्रसिद्ध आकड्याबद्दल. पेपरच्या सारांशात लिहिलंय की खोटा इशारा पन्नास लाख मेलमध्ये एकापेक्षाही कमी वेळा येतो. आकडा खरा आहे असंच मी धरून चालतो. माझा प्रश्न भागाकाराचा आहे.

एक कल्पित कंपनी घ्या. दहा दिवसांत तिच्याकडे बाहेरून एक लाख मेल येतात. त्यातल्या बहुसंख्य मेलवर कर्मचाऱ्याचं नावच नसतं : बँकेचे, पुरवठादारांचे, जाहिरातींचे. ते चुकून पकडले जाण्याची शक्यता मुळात नव्हतीच. समजा, कर्मचाऱ्याचं नाव असलेले पण बाहेरच्या पत्त्यावरून आलेले मेल ३०० आहेत. कोणी घरच्या जीमेलवरून फाइल स्वतःला पाठवली, कोणाच्या नावानं सही घेणाऱ्या सेवेचा मेल आला. दहा दिवसांत प्रणालीनं एक निर्दोष मेल अडवला. सगळ्या मेलनं भागलं तर चूक लाखात एक, आणि नावं जुळलेल्या मेलनं भागलं तर ३०० त एक. आता समजा, त्या ३०० पैकी डायरेक्टरांचे स्वतःचे पाच होते आणि अडवलेला मेल त्यांच्यातलाच, नव्या खाजगी पत्त्यावरून घाईनं पाठवलेला. मग ज्या माणसासाठी ही व्यवस्था उभी केली त्याच्या बाबतीत चूक पाचात एक झाली. प्रणाली तीच आणि चूकही तीच, फक्त आपण भागाकार बदलला. पेपर वाचताना मला मधला भाजक हवा होता. सारांशात पहिला मिळतो.

"पण प्रिसिजन ९८.२ टक्के आहे ना?" आहे, आणि त्यात निर्दोष मेलच्या ढिगाचा प्रश्न येत नाही, कारण तिथे फक्त अडवलेले मेल मोजतात. पण तो आकडा अनेक संस्थांचा मिळून आहे. अ कंपनीवर १०० हल्ले झाले, सगळे पकडले, एक निर्दोष मेल चुकून अडवला. ब कंपनीवर हल्ला झालाच नाही, तिथेही एक निर्दोष मेल अडवला. दोघांचं मिळून १०२ पैकी १०० बरोबर, म्हणजे ९८ टक्के. ब कंपनीच्या माणसाला मात्र आलेला एकमेव इशारा खोटा होता. पुढच्या वेळी तो इशारा वाचेल का?

सुटलेल्या हल्ल्यांचा हिशेब तर याहून नाजूक आहे. जो हल्ला कोणी कळवला नाही आणि लेबल लावणाऱ्याच्या नजरेसमोर आला नाही, तो "सुटलेला" म्हणूनही मोजला जात नाही. हा या एकाच पेपरचा दोष नाही, क्षेत्राचाच आहे. माझ्या प्रबंधातही तो असणार आहे आणि मार्गदर्शक मला त्यावरून सोडणार नाहीत.

शेवटी मैत्रिणीचा मेल मी कागदावर दोन्ही टप्प्यांतून नेऊन बघितला. पहिल्यात तो अडकतो : नाव तंतोतंत डायरेक्टरांचं, पत्ता पूर्वी कधीच न दिसलेला. दुसऱ्यात काय वाचणार? "टेबलावर आहेस का?" यात पैसा नाही, लिंक नाही. पेपरच्या लेखकांनी ३,००० हल्ले स्वतः तपासले होते, त्यातले सुमारे १२ टक्के याच जातीचे होते, फक्त ओळख जमवणारे. म्हणजे लेखकांना हे माहीत आहे. पण असं वाक्य खरे डायरेक्टरही रोज लिहितात, त्यामुळे त्यावरून अडवायचं तर उंबरठा खाली आणावा लागेल आणि मघाचा "पाचात एक" आणखी बिघडेल.

पैशांचा उल्लेख दुसऱ्या मेलमध्ये आला. तो अडवणं जमायला हवं होतं. पण मध्ये एक गोष्ट घडली होती : तिनं उत्तर दिलं होतं. एखादी प्रणाली "ज्याला आपण उत्तर दिलं तो ओळखीचा" असं मोजत असेल, तर दुसरा मेल येईपर्यंत `desk.office7731` ओळखीचा झालेला असतो. त्यामुळे इतिहास मोजताना पहिल्या संपर्कानंतरचे काही दिवस बाजूला ठेवावेत, असं मला वाटतं. किती दिवस, हे सध्या मी तपासतोय. सात घेतले तर डायरेक्टरांचा नवा खाजगी पत्ताही आठवडाभर संशयित राहतो. तीन घेतले तर शुक्रवारी संध्याकाळी ओळख काढून मंगळवारी पैसे मागणारा निसटतो.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की कॉम्प्युटरला पहिल्या मेलवर शंका यायला जागा होती, खात्री करायला नव्हती. ती म्हणाली, "मग शंका तरी सांगायची ना मला."