बरोबरच्या दोन चिन्हांची ओळ

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्रकाशाच्या व्यतिकरणावरचे एक गणित ठरलेले असते. सोडियमच्या दिव्याचा प्रकाश, तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर. दोन फटींमधले अंतर ०.५० मिलिमीटर. पडदा फटींपासून १.२ मीटरवर. पडद्यावर आळीपाळीने उजळ आणि काळे पट्टे उमटतात. शेजारशेजारच्या दोन उजळ पट्ट्यांमधले अंतर काढायचे. सूत्र आटोपशीर आहे: तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणा आणि फटींमधल्या अंतराने भागा. पण उत्तरपत्रिकेत सूत्रात आकडे घालण्याआधी एक ओळ येते, ती अशी:

λ = 589 nm = 589 × 10⁻⁹ m = 5.89 × 10⁻⁷ m

लिहिणारा ती हातासरशी लिहून टाकतो आणि तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून थेट उत्तराच्या चौकटीकडे जाते. तरीही त्या गणितात चुकण्यासारखे जे काही आहे, त्यातले बहुतेक याच ओळीत आहे, आणि चूक ओळखण्याची सोयही इथेच आहे.

ओळीत बरोबरची दोन चिन्हे आहेत. दोन्ही दिसायला सारखी, पण कामे अगदी वेगळी.

पहिल्या चिन्हाच्या अलीकडे ५८९ आहे आणि पलीकडेही ५८९च आहे. आकड्याला कोणी हात लावलेला नाही. बदलले आहे ते एककाच्या पुढचे अक्षर. ‘नॅनो’ म्हणजे एक अब्जांश. १९६०मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धत ठरली, तेव्हाच या उपसर्गाला तिच्यात जागा मिळाली. म्हणून n खोडायचा आणि त्याच्या जागी 10⁻⁹ लिहायचे. इथे हिशेब काहीच नाही, एका खुणेच्या जागी तिचा अर्थ ठेवला आहे, इतकेच. मात्र त्यामुळे ओळीच्या शेवटी निव्वळ m उरतो. पडद्याचे अंतर मीटरमध्ये, फटींचे मिलिमीटरमध्ये आणि तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, अशी तीन मापे सूत्रात एकदम घातली तर सूत्र तक्रार करत नाही, मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. पहिले चिन्ह तरंगलांबीला मीटरच्या मापात आणून बसवते.

दुसऱ्या चिन्हाशी उलटे घडते. एकक जसेच्या तसे राहते आणि आकड्याची मांडणी बदलते. ५८९चे ५.८९ झाले, म्हणजे दशांश चिन्ह दोन घरे डावीकडे आले, आकडा शंभर पटीने लहान झाला. एकूण किंमत तीच राहायची तर दहाचा घात शंभर पटीने मोठा व्हायला हवा. म्हणून उणे नऊचे उणे सात. बहुतेकांचा पाय घसरतो तो इथे. ‘दोन घरे सरकलो, तर घातांकातून दोन वजा’ असे मनात येते आणि उणे नऊचे उणे अकरा होते. उणे आकड्यांमध्ये मोठे काय आणि लहान काय, हे घाईत उलटे दिसते. ५८९ पैशांचे ५.८९ रुपये करताना असा गोंधळ कोणी करत नाही. आकडा लहान झाला की माप मोठे होणार, हे व्यवहारात सगळ्यांना पक्के ठाऊक असते. 10⁻⁷ हे 10⁻⁹पेक्षा शंभर पट मोठे माप आहे, एवढे मनाशी घोळवले की पुरते.

आता एक रास्त शंका. दुसरे चिन्ह हवेच कशाला? सूत्रात 589 × 10⁻⁹ घातले तरी उत्तर तेच येणार. खरे आहे. दुसरे चिन्ह उत्तर बदलत नाही, ते उत्तर वाचण्याजोगे करते. दशांश चिन्हाच्या डावीकडे शून्य सोडून एकच अंक ठेवायचा, हा नियम पाळला की किती मोठे हे घातांक एकटा सांगतो आणि नेमके किती हे पुढचे अंक सांगतात. 589 × 10⁻⁹ मध्ये ही वाटणी झालेली नसते. तिथे ५८९ स्वतःच शेकड्यात आहे, म्हणजे मोठेपणाचा काही भाग त्यानेच धरून ठेवला आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्यांना ही वाटणी दुसऱ्या बाजूनेही माहीत असते. तिथे कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. टेबलात ५८ची ओळ आणि ९चा रकाना जिथे भेटतात तिथे ७७०१ छापलेले असते. आकडा ५८९ असो, ५.८९ असो की ०.०००००० नंतर ५८९ असो, टेबलाला काही फरक पडत नाही. त्याला फक्त पाच, आठ, नऊ हे अंक कळतात. पुढचा ‘बार सात’ विद्यार्थ्याने आपला लावायचा. प्रमाणित रूपात लिहिले असेल तर तो शोधावा लागत नाही, कारण दहाच्या डोक्यावरचा उणे सात तोच असतो. म्हणजे दुसऱ्या चिन्हापाशी लॉगचे निम्मे काम होऊन गेलेले असते.

पुढचे गणित सरळ आहे. ०.५० मिलिमीटर म्हणजे 5.0 × 10⁻⁴ मीटर.

W = λD/d = (5.89 × 10⁻⁷ × 1.2) / (5.0 × 10⁻⁴) = 1.4136 × 10⁻³ m

उत्तर साधारण १.४ मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतील, भिंगातून आरामात मोजता येतील, असे पट्टे.

आता चुकीची उत्तरे पाहू. कोणी रूपांतर केलेच नाही आणि 589, 1.2 आणि 0.50 हे आकडे तसेच घातले, तर उत्तर येते १४१३.६. त्यापुढे सवयीने मीटर लिहिले की एका पट्ट्यापासून दुसरा जवळजवळ दीड किलोमीटरवर. कोणी उणे सातच्या जागी उणे अकरा लिहिले, तर येते 1.4136 × 10⁻⁷ मीटर. कोणी ५.८९ केले पण घातांक उणे नऊच ठेवला, तर 1.4136 × 10⁻⁵. चुका तीन तऱ्हेच्या, पण अंक प्रत्येक वेळी एक, चार, एक, तीन, सहा हेच. गुणाकार पुन्हा तपासला तरी काही सापडणार नाही, कारण गुणाकार बरोबरच आहे. शेजारच्या वहीशी अंक जुळतात म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही. सगळी चूक घातांकात असते, आणि ती फक्त निसर्गाशी ताडून पाहिल्यावर उघडी पडते.

ते ताडून पाहणे अवघड नाही. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण 4 × 10⁻⁷ ते 7 × 10⁻⁷ मीटर या टापूत असतो. जांभळा खालच्या टोकाला, तांबडा वरच्या. म्हणजे दृश्य प्रकाशाच्या कुठल्याही रंगाचे रूपांतर केले तरी प्रमाणित रूपात घातांक उणे सातच यायला हवा, आणि पुढचा अंक चार ते सातच्या आसपास. 5.89 × 10⁻¹¹ मीटर तरंगलांबी क्ष-किरणांची असते. ती कुठल्याही दिव्याच्या पिवळ्या उजेडाची असू शकत नाही. 5.89 × 10⁻⁹ मीटरच्या किरणांना तर हवाच शोषून घेते, ते १.२ मीटरवरच्या पडद्यापर्यंत पोहोचणार नाहीत. सूत्रात शिरण्याआधीच चूक पकडण्याची ही जागा आहे, आणि ती मिळते दुसऱ्या चिन्हामुळे. 589 × 10⁻⁹ या रूपात उणे नऊ पाहून असे काही सुचत नाही.

अंकांच्या बाजूलाही या ओळीला काही सांगायचे आहे. तीन अंक लिहिले, म्हणजे तीन अंकांपर्यंत खात्री आहे असा तिचा दावा आहे. कोणी ६०० नॅनोमीटर लिहिले तर शेवटची दोन शून्ये मोजलेली आहेत की जागा भरायला आली आहेत, हे कळायला मार्ग नाही. 6.00 × 10⁻⁷ लिहिले की कळते, शून्ये मोजलेली आहेत. 6 × 10⁻⁷ लिहिले की कळते, अंदाज आहे.

सोडियमच्या बाबतीत हा प्रश्न नुसता शिस्तीचा राहत नाही. प्रयोगशाळेतला सोडियमचा दिवा लावला की आतल्या निऑनमुळे आधी तांबूस उजळतो, आणि काही मिनिटांनी सोडियमची वाफ झाली की रसरशीत पिवळा होतो. हा पिवळा एकच रंग वाटतो, पण त्यात अगदी जवळजवळच्या दोन रेषा आहेत: एक ५८९.० नॅनोमीटरची, दुसरी ५८९.६ची. सूर्याच्या वर्णपटात याच ठिकाणी असलेल्या काळ्या रेषेला फ्राउनहोफरने D हे अक्षर दिले होते. प्रमाणित रूपात या जोडीचे 5.890 × 10⁻⁷ आणि 5.896 × 10⁻⁷ होतात. घातांक तोच आणि पहिले तीन अंकही तेच; चौथा अंक लिहिला तरच दोन रेषा आहेत हे कळते. बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये न्यूटनच्या कड्यांच्या प्रयोगात ५८९३ अँगस्ट्रॉम हा आकडा येतो, तो या दोघींची सरासरी. अँगस्ट्रॉम हे जुने एकक, दहाच्या उणे दहाव्या घाताइतक्या मीटरचे. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८६८मध्ये सूर्याचा वर्णपट याच मापात मांडला होता. 5893 × 10⁻¹⁰ म्हणजे 5.893 × 10⁻⁷. सुरुवात कुठल्याही एककाने केली तरी दुसऱ्या चिन्हानंतर दोघे एकाच जागी येतात, म्हणून जुन्या पुस्तकातला आकडा नव्या पुस्तकाशी ताडायचा तर आधी प्रमाणित रूप करावे.

आपल्या गणितात मात्र एवढी बारकाई लागतच नाही. फटींमधले अंतर ०.५० आणि पडद्याचे १.२, दोन्ही दोनच अंकांपर्यंत दिले आहेत, त्यामुळे 1.4136 मधले पहिले दोन अंक ठेवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. तरंगलांबी ५८९च्या जागी सरळ ६०० धरली असती तर १.४४ आले असते, म्हणजे पुन्हा १.४च. ओळीतले आठ आणि नऊ या उत्तरापर्यंत पोहोचलेच नाहीत. उलट दहाच्या डोक्यावरचा उणे सात एकाने जरी चुकला असता, तर उत्तर दहा पटीने फसले असते. म्हणून ही ओळ तपासताना बोट आधी घातांकावर ठेवावे, अंकांकडे मग पाहावे.