सहसंबंधाचा लगाम

h* = ρ × σS / σF

हेज गुणोत्तराच्या या एवढ्याशा ओळीत किती समंजसपणा सामावला आहे, हे पाहायचे तर आपण विमान कंपनीच्या इंधनखात्यात डोकावू या. अमेरिकेत विमानाच्या इंधनाचा भरघोस उलाढाल असलेला वायदा नाही. म्हणून तिथल्या कंपन्या त्याच्या जवळच्या नातलगाकडे, न्यूयॉर्क मर्कंटाइल एक्स्चेंजवरील हीटिंग ऑइलच्या, म्हणजे २०१३ पासून डिझेलच्या, वायद्याकडे वळत असत. एका करारात ४२,००० गॅलन तेल असते. समजा, आपल्याला तीन महिन्यांनी ४२ लाख गॅलन इंधन विकत घ्यायचे आहे. सरळ भागाकार म्हणतो, १०० करार घ्या. सूत्र मात्र क्षणभर थांबून विचारते, हे दोन भाव खरोखर बरोबरीने चालतात का?

आधी अपूर्णांकाकडे पाहू. तीन महिन्यांत इंधनाचा हजर भाव गॅलनमागे २४ सेंटांच्या प्रमाण विचलनाने हलतो आणि वायद्याचा भाव २५ सेंटांनी, असे धरू. वायदा किंचित अधिक चंचल आहे, म्हणून तो किंचित कमी घेतला तरी पुरतो; २४ भागिले २५ हे गुणोत्तर दोन चंचलतांचे माप जुळवून घेते. इथेच थांबलो असतो, तर ९६ करार आले असते.

पण खरे सौंदर्य अपूर्णांकाच्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या ρ मध्ये आहे. दोन्ही भावांतील बदलांचा सहसंबंध ०.९० असेल, तर गुणोत्तर ०.८६४ होते आणि करार उरतात ८६. वायद्याच्या हालचालीतला जो भाग इंधनाशी नाते सांगत नाही, तो विकत घेणे म्हणजे नवी जोखीम पदरात घेणे. ρ नेमका त्यालाच लगाम घालतो. सहसंबंध जितका सैल, तितका हात आखडता, आणि तो शून्य झाला की सूत्र अतिशय प्रांजळपणे सांगते, एकही करार घेऊ नका.

हा संयम उपजतो कुठून? आपण h एवढे हेज केले, तर उरलेल्या जोखमीचे प्रचरण होते σS² + h²σF² − 2hρσSσF. h च्या दृष्टीने हा एक परवलय आहे आणि त्याचा तळ हेच आपले गुणोत्तर. भावबदलांच्या बिंदूंमधून काढलेल्या रिग्रेशन रेषेचा उतारही नेमका तोच असतो. तळापाशी ही दरी किती सपाट आहे, हे पाहण्यात वेगळाच आनंद आहे. ८६ करारांनी उरलेली अनिश्चितता गॅलनमागे सुमारे साडेदहा सेंट, तर भाबडेपणाने १०० करार घेतले तरी अकरा सेंट! म्हणजे नाते घट्ट असताना थोडी चूक खपून जाते. तेच ρ ०.५० वर घसरू द्या: पूर्ण १०० करारांनी अनिश्चितता साडेचोवीस सेंट होते, काहीच न केल्यापेक्षाही जास्त. संरक्षण म्हणून घेतलेली वस्तूच जोखीम वाढवते, आणि ४८ करारांवर थांबणारे सूत्र आपल्याला त्या संकटातून अलगद बाहेर ठेवते.

आता परिणामकारकता. १९७९ मध्ये लुई एडरिंग्टन यांनी वायद्यांच्या हेजिंगवरील आपल्या गाजलेल्या निबंधात तिचे माप म्हणून प्रचरणातील घट घेतली. ती बरोबर ρ² येते. आपल्या उदाहरणात ०.८१. हा आकडा मोठा लोभस, पण तो सावकाश वाचावा. ८१ टक्के घटले ते प्रचरण, म्हणजे सेंटांचा वर्ग. सेंटांतली घट मात्र २४ वरून साडेदहावर, सुमारे ५६ टक्के. ०.९० सारख्या भरभक्कम सहसंबंधानेही मूळ हेलकाव्याचा चव्वेचाळीस टक्के भाग आपल्यापाशी उरतो. हे सत्य सूत्राने कधीच लपवलेले नाही. फक्त वर्गमूळ काढण्याची तसदी आपण घ्यायची असते.

सूत्राची नाजूक बाजूही आपुलकीने पाहायला हवी. ρ आणि दोन्ही σ भूतकाळातून येतात. ते भावांवरून नव्हे, भावबदलांवरून काढावेत. दोन्ही भाव वर्षानुवर्षे एकत्र चढत गेले की भावांचा सहसंबंध फुगलेला दिसतो. बदलही हेजच्या मुदतीशी जुळणाऱ्या अंतराचे घ्यावेत, कारण एका दिवसात विस्कळीत भासणारे नाते तीन महिन्यांत सहसा घट्ट होते. आणि २०२० विसरू नये. विमाने जमिनीवर थांबली, मालट्रक मात्र धावत राहिले. विमानाच्या इंधनाची मागणी डिझेलपेक्षा कितीतरी जोराने कोसळली आणि जुने नाते तुटले. त्याहून मोठा घाव असा, की ज्या इंधनासाठी वायदे घेतले होते, ते जाळण्याची गरजच बऱ्याच अंशी उरली नाही. खरेदीचे प्रमाण निश्चित आहे, हे सूत्राचे गृहीतक. त्या वर्षी तेच ढासळले.

म्हणून कुणी आपल्यासमोर ८१ टक्के परिणामकारकता ठेवली, तर दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: ती कोणत्या मुदतीच्या भावबदलांवरून काढली, आणि उरलेली अनिश्चितता गॅलनमागे किती सेंट?