हात दिसला, हिशेब हरवला

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला निघते, तेव्हा उरुळी कांचन मागे पडलं की वाटेत कासुर्डी लागते. पालखीच्या वाटेवरच्या गावांत एरवी दारापुरती असणारी रांगोळी त्या दिवशी रस्त्यावर येते. भोवती उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणाच्या तरी हातात मोबाइल असतो आणि त्यात कुणाचा तरी हात रांगोळी काढत असतो. नक्षी तिथूनच आलेली असते. आई किंवा शेजारीण शिकवायची, ते काम आता रांगोळीचे व्हिडिओ चॅनेल करतात. ते कसं करतात, हे एकदा निरखून पाहायला हवं.

आधी त्यांचं श्रेय. चिमूट कशी धरायची हे छापील पुस्तकाला कधीच दाखवता आलं नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून भुकटी सुटते, तळहातातला साठा उरलेल्या बोटांनी हळूहळू पुढे येतो आणि हात जमिनीपासून जितका वर, तितकी रेघ पसरट. ही गोष्ट वाचून कळत नाही, पाहून कळते. कॅमेरा हाताजवळ नेण्याची कल्पना म्हणूनच योग्य आहे. पण बहुतेक जण तोच भाग आठपट वेगाने पळवतात. मग बोटांचा दाब दिसत नाही, नुसती फुलं उगवताना दिसतात. पहिल्या पाकळीपुरता तरी वेग मूळचा ठेवावा, पुढचं पळवलं तरी चालेल.

प्रकाशाचं गणित याहून नाजूक आहे. एकच दिवा बरोबर डोक्यावर लावला की हाताची सावली नेमकी चिमटीखाली पडते, म्हणजे जिथे पाहायचं तिथेच अंधार. म्हणून दोन दिवे दोन बाजूंना, थोडे तिरके लावतात. सावल्या फिक्या होतात, चित्र स्वच्छ येतं. पण त्यातही एक खोट आहे. रांगोळीची रेघ सपाट नसते, ती उंचवट्याची असते. बाजूने कमी उंचीवरून प्रकाश आला तर तिचा उंचवटा, तिच्यातली तूट, भुकटी दमट असल्याने पडलेले गोळे, सगळं दिसतं. चारी बाजूंनी सारखा उजेड पाडला की चांगली आणि वाईट रेघ सारखीच दिसते. शिकणाऱ्याला मात्र तोच फरक हवा असतो. एक दिवा बंद करून तयार रेघ दहा सेकंद दाखवणारा चॅनेल मला क्वचितच सापडतो.

दुसरी अडचण पांढऱ्या रंगाची. काळ्या प्लायवर पांढरी भुकटी पडली की मोबाइल काळ्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि पांढरी रेघ भाजून सपाट होते. मध्ये हात आला की उजेड पुन्हा बदलतो. उजेड आणि फोकस दोन्ही आधी बांधून ठेवले, उजेड किंचित कमी केला, की हे टळतं. हे जमलेले चॅनेल लगेच ओळखू येतात. त्यांच्या रेघेत कण दिसतात.

यापलीकडे मला खरी तक्रार आहे ती पुस्तिकांची. जवळपास प्रत्येक चॅनेल आता आपल्या नक्ष्यांची पुस्तिका विकतो. कागद गुळगुळीत, पानभर रंगीत छायाचित्र, आणि ठिपक्यांचा पत्ता नाही. दिवाळीच्या आधी फुटपाथवर मिळणारी जुनी स्वस्त पुस्तकं दिसायला गबाळी होती, पण प्रत्येक नक्षीखाली ‘15 ते 8’ असं लिहिलेलं असे. तेवढ्या दोन आकड्यांत सगळी नक्षी मावते.

हे उलगडून सांगतो. 15 ते 8 म्हणजे मधल्या ओळीत 15 ठिपके, तिच्या वर आणि खाली 14, मग 13, असं करत दोन्ही टोकांना 8. प्रत्येक ओळीचा ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. एकूण ठिपके 169, आकार षटकोनी. म्हणूनच यातून सहा पाकळ्यांचं फूल निघतं. ‘15 ते 1’ सरळ ठिपके असतील तर प्रत्येक ओळीत दोन-दोन कमी होतात, आकार चौकटचा होतो, ठिपके 113 होतात आणि फूल चार पाकळ्यांचं येतं. छायाचित्र पाहून हे ओळखणं नवशिक्याला जमत नाही.

त्यातून होणारी नेहमीची चूक अशी. ठिपक्यांत 2.5 सेंटिमीटर अंतर धरलं तर मधली ओळ 35 सेंटिमीटर होते. ओळींमधलं अंतरही माणूस सवयीने 2.5 धरतो. तिथेच बिघडतं. मधोमध पडणाऱ्या ठिपक्यांत ओळींचं अंतर साधारण 2.2 सेंटिमीटर हवं, तरच तिरका शेजारीही 2.5 वर येतो आणि पूर्ण आकृतीची उंची 30 सेंटिमीटरच्या आसपास राहते. ओळी 2.5 वर ठेवल्या तर तिरकं अंतर 2.8 होतं, उंचीही 35 होते. मग आडव्या पाकळ्या आखूड, तिरक्या लांब. बाई म्हणते, माझा हात बसत नाही. तिचा हात ठीक असतो, ओळी चुकलेल्या असतात. वर्तमानपत्राला घड्या घालून जळत्या अगरबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद वापरायची पद्धत होती, त्यात ही चूक एकदाच करायची आणि एकदाच सुधारायची असे.

कॅमेरा यात आणखी भर घालतो. मोबाइल जमिनीला बरोबर समांतर नसला की षटकोन एका बाजूला निमुळता दिसतो. रुंद भिंगाने काढलं तर कडेची फुलं वाकडी होऊ शकतात. तपासायला सोपं आहे. रांगोळी सुरू करण्यापूर्वी फ्रेमच्या मध्यभागी आणि कोपऱ्यात ताट ठेवावं. दोन्हीकडे ते गोलच दिसलं पाहिजे. पुस्तिका छापतानाही हेच. पान भरावं म्हणून छापखान्यात चित्र उभं ताणलं जातं, आणि ताणलेली नक्षी बघून लोक ताणलेलीच काढतात.

आणखी एक गोष्ट चॅनेलवाले विसरतात: बघणाऱ्याच्या घरची जमीन. त्यांची फळी काळी आणि गुळगुळीत असते. कासुर्डीसारख्या गावात पुढचं अंगण कोब्याचं, फरशीचं किंवा पेव्हिंग ब्लॉकचं. करड्या कोब्यावर पांढरी रेघ उठतच नाही, म्हणून आधी गेरू सारवावा लागतो. ब्लॉकच्या सांध्यांत भुकटी जाते, तिथे बारीक जाळीची नक्षी घेऊच नये. नुसता रंग बारीक असल्याने चिमटीतून सुटत नाही, त्यात पांढरी रांगोळी किंवा चाळलेली बारीक वाळू मिसळावी लागते. पुस्तिकेत यासाठी अर्धं पान पुरेल.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. व्हिडिओ फुकट असतो, पैसा पुस्तिकेतून येतो आणि अनेक बायकांची ती पहिली स्वतःची कमाई आहे. म्हणूनच त्यांचा माल खरा असायला हवा. चॅनेल चालवणाऱ्या प्रत्येकीला माझी विनंती आहे. पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक नक्षीखाली ठिपक्यांचे आकडे, ओळींचं अंतर आणि कोणती रेघ आधी काढायची एवढं छापा, आणि छायाचित्र लहान करा. पान कमी देखणं दिसेल, पण ते पाहून रांगोळी काढता येईल.