‘बस आली’, पण ‘टेम्पो आला’: प्रतिशब्दाच्या नियमाची एक तपासणी

मागच्या आठवड्यात एका ज्युनियरने पीएचडीचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय छान आहे: मराठी वाक्यात इंग्रजी नामांना लिंग कसं मिळतं? उत्तर मात्र पहिल्याच पानावर देऊन टाकलं होतं. इंग्रजी शब्द आपल्या मराठी प्रतिशब्दाचं लिंग घेतो. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून बस आणि ट्रेन ‘आली’. दूरध्वनी पुल्लिंगी, म्हणून फोन ‘आला’. कार्यालय नपुंसकलिंगी, म्हणून ऑफिस ‘सुटलं’.

वाचताना पटतं. मग मी बिबवेवाडीत बसची वाट बघत उभी होते, तेव्हा समोरून एक टेम्पो गेला. टेम्पो आला, ट्रक आला, ट्रॅक्टर आला. याही गाड्याच ना? मग ‘आली’ का नाही? इथे नियमाचा समर्थक सहज दुसरा प्रतिशब्द शोधतो आणि खरी अडचण तिथेच आहे. लिंग आधी माहीत असेल, तर त्याला जुळणारा प्रतिशब्द जवळपास नेहमीच सापडतो. हॉस्पिटल ‘बांधलं’ म्हणून रुग्णालय घ्यायचं. ‘बांधला’ म्हणत असते लोक, तर दवाखाना घेतला असता. असा नियम कधीच चुकत नाही, म्हणून तो काही सांगतही नाही. मीसुद्धा पहिल्या वर्षी अशीच यादी केली होती. सगळं जुळलं आणि मी खूश झाले. गाईडने एवढंच विचारलं, “प्रतिशब्द कुणी निवडले?” मीच निवडले होते, लिंगाचा रकाना समोर ठेवून.

फोनचं उदाहरण तर काळाच्या क्रमातच अडतं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 मध्ये सुरू झालं. ‘दूरध्वनी’ हा नंतर घडवलेला शब्द, भाषाशुद्धीच्या चळवळीने पसरवलेला. जो शब्द मागून आला, त्याने आधीच्याला लिंग दिलं असं म्हणता येत नाही.

दुसरा दावेदार आहे शब्दाचा शेवट. ईकारान्त बॅटरी, कंपनी, पार्टी स्त्रीलिंगी. आकारान्त कॅमेरा, सोफा पुल्लिंगी. इथे तरी आपल्या सोयीने निवड करता येत नाही, कारण शेवट सगळ्यांना सारखाच दिसतो. म्हणूनच हा नियम उघडपणे चुकूही शकतो: रिक्षा आकारान्त असून ‘आली’. मेट्रो आणि टेम्पो दोन्ही ओकारान्त, तरी मेट्रो ‘आली’ आणि टेम्पो ‘आला’. म्हणजे अर्थाचा हात आहेच. पुण्यात मेट्रो मार्च 2022 मध्ये धावली, तेव्हा ‘रेल्वे’ हा स्त्रीलिंगी शब्द शेजारी तयार होता. पण हिंदीतही मेट्रो स्त्रीलिंगीच आहे. लिंग रेल्वेकडून आलं की हिंदीतून, हे या एका शब्दावरून ठरत नाही.

मग तपासायचं कसं? प्रतिशब्द तुम्ही निवडू नका. ज्यांना विषय माहीत नाही अशा लोकांना वस्तूचं चित्र दाखवा आणि इंग्रजी शब्द टाळून नाव विचारा. ती उत्तरं आधी नोंदवा. वाक्यं दुसऱ्या गटाकडून घ्या. बहुतेकांनी एकच प्रतिशब्द दिला, तर भाकीत करता येईल. प्रत्येकाने वेगळा दिला, तर त्या शब्दाबद्दल प्रतिशब्दाचा नियम गप्प आहे असं लिहा.

वाक्यं गोळा करताना दोन जागी फसगत होते. पहिली ‘ला’ची. ‘पोलिसांनी टेम्पो अडवला’ यात लिंग दिसतं, पण ‘पोलिसांनी टेम्पोला अडवलं’ यात दिसत नाही. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कर्माशी जुळणं सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जातं. बसचंही तेच: ‘बस अडवली’, पण ‘बसला अडवलं’. अशी वाक्यं मोजलीत, तर अर्धी मराठी नपुंसकलिंगी वाटेल.

दुसरी फसगत छापील मजकुरात होते. बोलताना ‘स्टेशन आलं’ आणि ‘फोन आले’ वेगळे ऐकू येतात. वर्तमानपत्रात दोन्हीकडे ‘आले’ असतं. एक नपुंसकलिंगी एकवचन, दुसरं पुल्लिंगी अनेकवचन. अशा वेळी विशेषण बघा: ‘नवे स्टेशन’ने प्रश्न सुटत नाही, ‘माझा फोन’ने सुटतो. सर्वांत बरं म्हणजे बोललेली वाक्यं रेकॉर्ड करणं.

ज्युनियरला मी नियम खोडायला सांगितला नाही. बस, ट्रेन, कार, लोकल यांच्यामागे ‘गाडी’ उभी आहे, हे मलाही पटतं. फक्त पहिल्या पानावरचं ते उत्तर आता प्रश्न म्हणून लिहायचं आहे, आणि यादीत सगळ्यात वर ट्रक आणि टेम्पो ठेवायचे आहेत.