कर्मणी प्रयोग मोजलात, आणि कर्ताच निसटला

अग्रलेखांचं संभाषित-विश्लेषण (डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस) करणारे जे टर्म पेपर माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एक प्रकरण हमखास असतं: ‘निवडलेली भाषिक वैशिष्ट्ये’. त्यात रूपक, सर्वनामं, कर्मणी प्रयोग, नामीकरण, विधिरूपं अशी आठ-दहा नावं असतात. ही यादी कुठून आली, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘पुस्तकात दिलीय.’ माझी तक्रार यादीच्या लांबीबद्दल कमी आहे. ती इंग्रजीवरून उचललेली आहे आणि मराठीत आल्यावर नेमकी उलटी चालते, ही खरी अडचण.

कर्मणीचंच बघा. 1979 साली टोनी ट्रू यांनी सॉल्सबरीमधल्या (आजचं हरारे) 1975च्या पोलीस गोळीबाराच्या वृत्तपत्रीय बातम्या तपासल्या. गोळ्या कुणी झाडल्या, हे वाक्यरचनेतून कसं मागे सरकतं ते त्यांनी दाखवलं. इंग्रजीत त्यासाठी पॅसिव्ह हे सोयीचं हत्यार आहे, कारण पॅसिव्ह केलं की कर्ता गाळता येतो. तेव्हापासून पॅसिव्ह मोजणं ही या क्षेत्रातली सवय झाली.

आता तोच निकष आपल्याकडे लावा. इथे माजलगावला रोजचा विषय पाण्याचा. जायकवाडीचा उजवा कालवा आमच्या धरणात येऊन मिळतो. समजा, पाणीवाटपावरच्या अग्रलेखांत ‘जबाबदारी कुणावर टाकली जाते’ हा तुमचा प्रश्न आहे. मी रचलेली ही तीन वाक्यं घ्या.

‘खात्याने पाणी सोडले.’ ‘पाणी सोडण्यात आले.’ ‘पाणी सुटले.’

शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे पहिलं वाक्य कर्मणी आहे, कारण क्रियापद ‘पाणी’ या कर्माप्रमाणे चालतं. पण कर्ता तर त्यातच सगळ्यात ठळक आहे, ‘ने’ लावून समोर उभा केलेला. तिसरं वाक्य कर्तरी, आणि त्यात सोडणाऱ्याचा मागमूसही नाही. म्हणजे तुम्ही इमानदारीने कर्मणी मोजलेत, तर ज्या वर्तमानपत्राने खात्याचं नाव घेऊन धारेवर धरलं, तेच तुमच्या तक्त्यात ‘कर्ता लपवणारं’ ठरेल! मी मूळचा रसायनशास्त्राचा. आमच्याकडे अशा निकषाला चुकीचा दर्शक म्हणतात. रंग येतो, पण भलत्याच गोष्टीचा.

मराठीत कर्ता गाळण्याचं मोठं काम क्रियापदांच्या जोड्या करतात. सोडणे-सुटणे, अडवणे-अडणे, तोडणे-तुटणे, आणि सगळ्यात वापरातली करणे-होणे. ‘दिरंगाई केली’ म्हटलं की कुणी, असा प्रश्न उरतो. ‘दिरंगाई झाली’ म्हटलं की तो तिथेच मिटतो. इंग्रजी यादीत याला वेगळा रकाना नसतो.

म्हणून वैशिष्ट्य एकच घ्या, पण नीट: ‘कर्ता सांगता आला असता अशा प्रत्येक घटनेत तो कसा मांडलाय?’ चार खुणा पुरतात. ‘ने/नी’ लावून सांगितला. ‘कडून’ लावून सांगितला. ‘-ण्यात आले’ म्हणून गाळला. सुटणे-होणे वापरून गाळला. ‘पाऊस कमी झाला’ असली वाक्यं मोजायचीच नाहीत, तिथे दोष देण्यासारखा माणूस नाही. हा गाळणीचा नियम आधी लिहून ठेवा, कारण टक्केवारी त्याच्यावर उभी राहते. पंधरा-वीस अग्रलेखांना खुणा झाल्या की आठवडाभराने त्यातले चार-पाच कोरे घेऊन पुन्हा खुणा करा. माझी स्वतःची गडबड ‘होणे’पाशीच झाली होती: ‘निर्णय झाला’ एकदा मोजला, एकदा सोडला. अशी वाक्यं निघाली की नियमात त्यांच्यासाठी एक ओळ वाढवायची आणि सगळं पुन्हा तपासायचं. कंटाळवाणं आहे, पण मार्गदर्शक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

अजून एक. एकाच दैनिकाच्या नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर आवृत्त्यांची तुलना करायचा मोह होईल. आधी बघून घ्या. अग्रलेख पुष्कळदा सगळ्या आवृत्त्यांना एकच असतो.

आणि गाळलेला कर्ता म्हणजे लपवलेला कर्ता, असं लगेच लिहू नका. 1897 साली ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. ‘करणे’, ‘उगविणे’ दोन्ही नामं. कोण करतंय ते त्यात कुठेच नाही. तरी पुण्यातल्या एकाही वाचकाला ते विचारावं लागलं नसेल. तुमच्या तक्त्यात हे शीर्षक ‘गाळला’ याच रकान्यात जाईल, आणि जायलाच हवं. मात्र त्याचा अर्थ लावताना मजकुरात इतरत्र कर्ता आलाय का आणि वाचकाला तो आधीच ठाऊक होता का, हे दोन्ही पाहावं लागतं. त्यासाठी तक्त्याशेजारी एक मोकळा रकाना ठेवा, हाताने लिहायला.