स्वनिमाचे विवरण : अमूर्त नामे आणि उदाहरणाची निवड

‘अर्थभेदक्षमता असलेले ध्वनिव्यवस्थेतील लघुतम एकक म्हणजे स्वनिम’, अशा धर्तीची व्याख्या प्रथम वर्षाच्या टिपणांतून सर्रास आढळते. ती चुकीची नाही. परंतु नवख्या विद्यार्थ्याला तिच्यातून काही करता येत नाही. ‘अर्थभेदक्षमता’ या नामात एक कृती दडलेली आहे : एक ध्वनी काढून त्या जागी दुसरा घालावयाचा आणि शब्द बदलतो की नाही ते पाहावयाचे. नाम मोडून ही कृती उघड केली की विवरण निम्मे झालेच. उरलेले निम्मे उदाहरणावर अवलंबून असते, आणि तेथेच आपली टिपणे बहुधा फसतात.

नेहमीचे उदाहरण ‘पळ’ आणि ‘फळ’ यांचे. ते मूर्त खरे, परंतु त्यात ध्वनीबरोबर अक्षरही बदलते. साहजिकच विद्यार्थी स्वनिम म्हणजे वर्णमालेतील अक्षर अशी समजूत करून घेतो. त्याला स्वतःची जोडी देण्यास सांगावे. तो ‘कर’ आणि ‘खर’ म्हणेल, आणि उत्तर बरोबर असूनही समज कोणती झाली ते कळणार नाही.

त्याऐवजी ‘चार आंबे आण’ आणि ‘गुरांना गवत चार’ ही वाक्ये मोठ्याने म्हणावयास लावावीत. लेखन एकच, पण पहिल्यातील च तालव्य, दुसऱ्यातील दंतमूलीय. आणि केवळ तेवढ्याने शब्द निराळा होतो. येथे अक्षराचा आधार सुटतो व कान कामाला लागतो. ज्याला हे उमगले तो थोड्या विचाराने ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि वार्धक्यवाचक ‘जरा’ ही जोडी स्वतः शोधतो. समज पारखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

मात्र एवढ्यावर थांबल्यास दुसरी चूक पदरी पडते : हे दोन च सर्वत्र अर्थ बदलतात असे वाटू लागते. म्हणून लगेच ‘घराचा’ आणि ‘घराची’ ही रूपे घ्यावीत. प्रमाण उच्चारात पहिल्यात च दंतमूलीय, दुसऱ्यात तालव्य. आता ‘घराची’ हे रूप दंतमूलीय च घालून उच्चारून पाहावे. निराळा शब्द होत नाही. उच्चार तेवढा चमत्कारिक वाटतो. आ या स्वरापूर्वी जो भेद शब्द बदलतो, तो ई या स्वरापूर्वी उरतच नाही. ‘घराचा’–‘घराची’ एवढेच दाखविले असते, तर हे दोन च म्हणजे एकाच स्वनिमाची स्वनांतरे, असा निष्कर्ष विद्यार्थ्याने काढला असता. आणि त्या सामग्रीपुरता तो अगदी शास्त्रशुद्ध ठरला असता.

दोन्ही जोड्या कानावरून गेल्यानंतर ‘स्वनिम’ आणि ‘स्वनांतर’ हे शब्द फळ्यावर लिहावेत. मूळ व्याख्या त्यानंतर वाचून दाखविण्यासही हरकत नाही.